वाद चवीचा होता का?

ताईला बटण दाबलं की कप भरून देणारं मशीन हवं होतं, तर भाऊजींना दांडा फिरवून, पूड दाबून, काटा बघत हाताने चालवायचं. ठाण्याच्या घरात सकाळची कॉफी दोघांचीही आवडीची आणि खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून ठरवलेली: 50 हजार रुपये. तरी मशीन काही घरात येईना. भाऊजींचं म्हणणं, "ऑटोमॅटिकची कॉफी म्हणजे ऑफिसातल्या व्हेंडिंग मशीनची थोरली बहीण. चवीत फरक पडतोच." ताईचं म्हणणं, "अहो, दूध घातल्यावर तुम्हाला काय कळणार आहे? आणि रोज सकाळी तो पसारा कोण आवरणार?"

मी मसाल्यांच्या एका कंपनीत चव पारखण्याच्या विभागात काम करते. आमच्याकडे असा वाद निघाला की कोणी बाजू मांडत बसत नाही. कप आणून पुढे ठेवतात आणि कुठल्या कपात काय आहे ते चाखणाऱ्याला सांगत नाहीत. हाच मार्ग मी या दोघांना सुचवला. त्यातून कळलं ते एवढंच नव्हतं की कुठलं मशीन चांगलं. दोघं जे दोन कप मनात धरून भांडत होते, त्यांतला एक त्यांच्या घरात येणारच नव्हता.

आधी दोन्ही मशीनं काय करतात ते पाहू. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या, घट्ट दाबलेल्या पुडीतून गरम पाणी जोराने ढकलून काढलेली थोडीशी दाट कॉफी. पाणी साधारण 90 ते 96 अंशांचं असतं आणि दाब 9 बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट. हाताने चालवायच्या मशीनला एक दांड्याची गाळणी असते. तिच्यात 18 ग्रॅम पूड भरायची, सपाट दाबायची, गाळणी मशीनला अडकवायची आणि 25 ते 30 सेकंदांत सुमारे 36 ग्रॅम कॉफी उतरवायची. पूड किती बारीक आणि किती, पाणी कधी थांबवायचं, हे सगळं चालवणाऱ्याच्या हातात. ऑटोमॅटिक मशीन हेच काम पोटातल्या पोटात करतं. वरच्या भांड्यात बिया टाकल्या की ते त्या दळतं, दाबतं, पाणी सोडतं आणि वापरलेला चोथा आतल्या डब्यात टाकून देतं. त्याचा ग्राइंडर त्याच्यातच असतो. हाताच्या मशीनला बहुतेक वेळा तो वेगळा घ्यावा लागतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच फिरलं.

एका दुकानात दोन्ही मशीनं शेजारी शेजारी मांडलेली होती. आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा या, असं मालकांनी सांगितलं. आता प्रश्न होता चाचणी कशी घ्यायची याचा. भाऊजींच्या मनात सोपी पद्धत होती: दोन कप ठेवायचे, डोळे मिटून चाखायचे आणि कुठला चांगला ते सांगायचं. तिच्यात अडचण अशी की माणूस दोन कपांतून एक निवडतोच. दोन्ही कपांत एकच कॉफी ओतली तरी तो एकाला चांगला म्हणेल आणि कारणही देईल. आवडनिवड विचारण्याआधी फरक खरोखर कळतो का, हे तपासावं लागतं.

त्यासाठी आमच्या क्षेत्रात तीन कपांची चाचणी वापरतात. तीन कपांपैकी दोनांत एकच कॉफी, तिसऱ्यात दुसरी. चाखणाऱ्याने एवढंच सांगायचं की वेगळा कप कुठला. चांगला-वाईट, आवडला-नावडला काही नाही. जगभरातले कॉफी चाखणारे ज्या स्पर्धेत उतरतात, त्या वर्ल्ड कप टेस्टर्स चॅम्पियनशिपमध्येही हेच असतं. तीन-तीन कपांचे आठ संच मांडलेले असतात आणि प्रत्येकातला वेगळा कप कमीत कमी वेळात ओळखायचा असतो.

नुसत्या अंदाजाने तीनातला एक बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश. म्हणून एका फेरीवर काही ठरत नाही. आम्ही सहा फेऱ्या ठरवल्या. काहीच कळत नसलेला माणूस सहापैकी सरासरी दोन बरोबर सांगेल. चार बरोबर किंवा त्याहून जास्त सांगणं त्याला शंभरात दहा वेळा नशिबाने जमून जाईल. पाच किंवा सहा मात्र शंभरात दोनदाही जमणार नाही. म्हणून आमची रेघ पाचवर ओढली: पाच किंवा सहा बरोबर आले तर फरक कळतो असं मानायचं.

ही विचार करण्याची पद्धत मुळात चहाच्या कपातून आलेली आहे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ होत्या. कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना ते पटेना. मग आठ कपांची चाचणी झाली: चार आधी दुधाचे, चार आधी चहाचे, क्रम विस्कटलेला. आठातून चार कप निवडण्याचे 70 प्रकार होतात आणि त्यांतला एकच पूर्ण बरोबर असतो. म्हणून नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर येण्याची शक्यता 70 त 1. फिशर यांनी 1935 च्या आपल्या पुस्तकात प्रयोगाची मांडणी समजावण्यासाठी हेच उदाहरण घेतलं. ब्रिस्टल यांनी सगळे कप बरोबर ओळखले असं सांगतात. ती चाचणी घडवून आणण्यात त्यांचे सहकारी विल्यम रोच होते आणि पुढे त्या दोघांचं लग्न झालं.

दुकानात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो चवीखेरीजच्या खुणा पुसण्यात. माणूस फक्त जिभेने चाखत नाही. एका मशीनची कॉफी जास्त गरम असेल, एकीवरचा फेस दाट असेल, एक कप काठोकाठ भरलेला असेल, तर वेगळा कप न चाखताही सापडतो. म्हणून दोन्ही मशीनना एकाच पिशवीतल्या बिया दिल्या: चिकमगळूरची अरेबिका, मध्यम भाजलेली, भाजून दहा दिवस झालेली. हाताच्या मशीनसाठी दुकानातल्या मोठ्या ग्राइंडरवर ताजी पूड दळली. ऑटोमॅटिक मशीन एका वेळी साधारण 9 ग्रॅमच घेतं, म्हणून त्याचे दोन घाणे एकत्र केले आणि दोन्हीकडे पुडीच्या दुप्पट वजनाची कॉफी उतरवली. हे प्रमाण सारखं नसेल तर एक कॉफी दाट आणि एक पातळ होते आणि आपण मशीनऐवजी पाणी मोजत बसतो. कॉफी ढवळून फेस मोडला, दोन सारख्या थर्मासमध्ये भरली आणि 60 अंशांच्या खाली आल्यावरच कपात ओतली. कप झाकणाचे, कागदी, त्यामुळे रंग दिसत नव्हता. कपांवर 417, 852 असे आकडे लिहिले. 1, 2, 3 लिहिलं तर पहिल्या क्रमांकाकडे मन उगाच झुकतं.

तीन कपांत दोन कॉफ्या मांडायचे प्रकार सहाच होतात आणि फाशाला बाजूही सहा. म्हणून लुडोचा फासा आणला. मी पडद्यामागे फासा टाकून तो आकडा सांगेल तसे कप भरत होते. ते ट्रेमध्ये ठेवून मी बाजूला व्हायचे आणि दुकानातला मुलगा ट्रे बाहेर न्यायचा. कुठल्या कपात काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ही काळजी घ्यावीच लागते, कारण ज्याला उत्तर माहीत असतं त्याचा चेहरा बोलतो. ताई आणि भाऊजी एकमेकांकडे पाठ करून बसले आणि उत्तर चिठ्ठीवर लिहीत गेले. मध्ये पाण्याची चूळ आणि साध्या कुरमुऱ्यांचे दोन दाणे. घोट घोटभरच घ्यायचा आणि वाटल्यास थुंकून टाकायचा. इतकी कॉफी खरंच प्यायली तर चौथ्या फेरीपर्यंत छाती धडधडू लागते आणि जीभ कडवटपणाला सरावते.

पहिल्यांदा काळी कॉफी. ताईने सहापैकी पाच बरोबर ओळखल्या, भाऊजींनी तीन. चवीत फरक पडतोच असं म्हणणाऱ्याला तो कळला नाही आणि काय कळणार आहे असं म्हणणारीला कळला. नेमकं काय वेगळं लागतं असं विचारल्यावर ताई म्हणाली, "एक जरा गोडसर आहे, तोंडात राहते. दुसरी लवकर संपते." जी राहते असं ती म्हणत होती ती हाताच्या मशीनची होती. भाऊजींचं मशीन खरोखरच चांगली काळी कॉफी देत होतं, याची साक्ष त्यांच्या विरोधी पक्षाने दिली.

थोडी विश्रांती घेऊन दुधाची फेरी सुरू केली. घरी दोघंही दुधाचीच कॉफी पितात, बिनसाखरेची, एक भाग कॉफी आणि चार भाग दूध. दूध एकाच पातेल्यात तापवलं, मशीनच्या वाफेने फेसवलं नाही, नाहीतर फेसाचा फरक मध्ये आला असता. यावेळी ताईचे दोन बरोबर, भाऊजींचे तीन. अंदाजाने जेवढे येतात जवळपास तेवढेच. दुधातली साखर आणि चरबी कडवटपणा आणि आंबटपणा दोन्ही झाकते आणि एवढ्या दुधात काळ्या कॉफीतले बारीक फरक बुडून जातात.

"मग झालं तर," ताई म्हणाली. "ऑटोमॅटिक."

इथे मी तिला थांबवलं. फरक ओळखता आला नाही म्हणजे फरक नाहीच, असं होत नाही. समजा एखाद्याला निम्म्या फेऱ्यांत फरक खरोखर कळतो आणि उरलेल्या निम्म्यांत तो अंदाज करतो. असा माणूस दर फेरीत तीनातून दोनदा बरोबर सांगेल. तरीही सहापैकी पाचची आमची रेघ तो फक्त 35 टक्के वेळा गाठेल. म्हणजे खरा फरक कळणारा माणूसही आमच्या चाचणीत बहुतेक वेळा नापास होईल. खात्री हवी असेल तर फेऱ्या पुष्कळ वाढवाव्या लागतात. घरातल्या खरेदीला तेवढी खात्री लागत नाही. तरी निकालाचा अर्थ मात्र नेमका सांगावा: दुधाच्या कॉफीत फरक असलाच तर तो लक्ष देऊन, शांत बसून, लागोपाठ चाखूनही या दोघांना हाती लागेल इतका मोठा नाही. सकाळी डब्याच्या घाईत तो कळण्याची शक्यता त्याहूनही कमी.

भाऊजी मात्र दुसऱ्याच विचारात होते. त्यांनी खिशातला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. हाताचं मशीन 32 हजारांचं, ऑटोमॅटिक 48 हजारांचं. हाताच्या मशीनला साजेसा ग्राइंडर घेतला तर बेरीज 50 च्या वर जात होती, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की मशीन आत्ता, ग्राइंडर पुढच्या वर्षी. तोपर्यंत दुकानातून दळून आणलेली पूड. "आपण आत्ता जी कॉफी चाखली ती या मोठ्या ग्राइंडरची होती ना?" त्यांनी विचारलं. "तो तर आपल्या घरी नसणार."

चाचणीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता आणि तो भाऊजींनी स्वतःच्या बाजूविरुद्ध विचारला. आम्ही दोन मशीनं काळजीपूर्वक समान पातळीवर आणली होती. घरी ती समान पातळीवर असणार नव्हती. एकात रोजच्या रोज बिया दळल्या जाणार होत्या आणि दुसऱ्यात आठवड्यापूर्वी दळलेली पूड पडणार होती. खरी तुलना या दोन कपांची होती.

दळलेल्या पुडीचं काय होतं ते समजून घ्यायला हवं. भाजलेल्या बीत सुवासाची द्रव्यं आणि कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. बी अख्खी असेपर्यंत ती हळूहळू सुटतात. बीचे हजारो कण केले की हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि जे आठवड्यांत गेलं असतं ते तासांत आणि दिवसांत जातं. एस्प्रेसोत आणखी एक अडचण असते. पाणी पुडीतून किती वेगाने जाईल हे पूड किती बारीक आहे यावर ठरतं. पूड जाडसर असेल तर पाणी दहा-बारा सेकंदांत धावत निघून जातं आणि कॉफी पातळ, आंबट उतरते. फार बारीक असेल तर मशीन तुंबतं, थेंब थेंब येतो आणि चव जळकट कडू होते. ग्राइंडर जवळ असेल तर एक खूण पुढे-मागे करून हे जुळवता येतं. तयार पूड जशी आहे तशीच वापरावी लागते. म्हणून घरगुती मशीनसोबत एक दुहेरी तळाची गाळणीही मिळते. तिच्या खालच्या तळाला एकच बारीक छिद्र असतं आणि ते पाण्याला अडवून दाब तयार करतं. पूड कशीही असली तरी त्यातून फेसाळ कॉफी येते. पण तो फेस छिद्रामुळे आलेला असतो, पुडीच्या ताजेपणामुळे नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात गेलो. आधीच्या भेटीतच त्याच बियांची काही पूड दळून, पिशवीचं तोंड चिमट्याने बंद करून ताईच्या फडताळात ठेवली होती, जशी ती घरी राहिली असती तशी. हाताच्या मशीनला ती पूड आणि दुहेरी तळाची गाळणी. ऑटोमॅटिकला त्याच पिशवीतल्या अख्ख्या बिया. वजन, तापमान, कप, फासा सगळं पहिल्यासारखंच. कॉफी दुधाची, कारण घरी तीच प्यायची होती.

ताईने सहाच्या सहा ओळखल्या, भाऊजींनी पाच. आदल्या खेपेला दुधाने जो फरक पूर्ण बुडवला होता, तो आता दुधातूनही वर आला. चिठ्ठीवर भाऊजींनी एका कपापुढे लिहिलं होतं, "दुधाचीच चव जास्त." तो शिळ्या पुडीचा कप होता.

फरक कळतो हे नक्की झाल्यावरच आवड विचारली, तीही वेगळी. तीन कपांच्या चाचणीत वेगळा कप शोधताना मन त्याच्यावरच खिळलेलं असतं, म्हणून त्याच कपांवर पसंती विचारायची नसते. पुन्हा दोन-दोन कप मांडले, फासा टाकून क्रम बदलत, आणि एवढंच विचारलं की यातला पूर्ण कप कुठला प्याल. ताईने सहाही वेळा ऑटोमॅटिकचा निवडला, भाऊजींनी पाच वेळा.

मशीनं तीच होती, फक्त पूड बदलली आणि निकाल बदलला. पैसे कशावर घालायचे याचं उत्तर त्यात होतं. दुधाची कॉफी पिणाऱ्या घराला मशीन हाताचं की आपोआप चालणारं याने फारसं काही होत नाही. बिया ऐन वेळी दळल्या जातात की नाही, याने पुष्कळ होतं. 50 हजारांत पहिल्या दिवसापासून ताजी पूड देणारं मशीन ऑटोमॅटिकच होतं. मर्यादा जास्त असती किंवा दोघं काळी कॉफी पिणारे असते, तर ताईच्या पहिल्या पाच उत्तरांनी कौल भाऊजींच्या मशीनला दिला असता.

भाऊजींनी निकाल मानला, कारण पहिली चाचणी सुरू होण्याआधीच दोघांनी एका कागदावर लिहून सही केली होती: दुधाच्या कॉफीत फरक कळला आणि एकच आवडली तर ती, कळला नाही तर आवराआवर ज्याची सोपी ते. हे आधी लिहिलं नसतं तर निकाल लागल्यावर प्रत्येकाला त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढता आला असता. "काळीत कळला ना पण" असं एक म्हणालं असतं आणि "दुधात नाही कळला" असं दुसरं, आणि दोघंही खरंच बोलले असते.

एक गोष्ट चाचणीत मावत नव्हती आणि ती भाऊजींनी शेवटी मोकळेपणाने बोलून दाखवली. त्यांना पूड दाबायला, धार बघायला, आज काल्यापेक्षा बरी उतरली का ते पाहायला आवडतं. इतके दिवस ते या हौसेलाच चव म्हणत होते, म्हणून ताई तिला चवीचीच उत्तरं देत होती. हौस म्हणून मांडल्यावर तिला ताईचा विरोध नव्हता. बोलता बोलता व्यवहार ठरला. ऑटोमॅटिक मशीन आत्ता घ्यायचं. त्याचा आतला भाग दर आठवड्याला काढून धुणं आणि वेळच्या वेळी क्षार काढणं भाऊजींकडे, कारण हे चुकलं की त्याच मशीनची कॉफी खवट लागू लागते. आणि हाताचं मशीन घ्यायची वेळ येईल तेव्हा आधी ग्राइंडर घ्यायचा, मशीन मागून.

तुमच्या घरी असा वाद असेल तर दुकानात जाण्याआधी दोन ओळी लिहून काढा: आपण रोज कशी कॉफी पितो, आणि ठरलेल्या पैशांत कुठल्या मशीनसोबत घरात नेमकं काय काय येणार आहे. दुकानात चाखायला मिळते ती त्यांच्या ग्राइंडरची, त्यांच्या ताज्या बियांची आणि त्यांच्या सरावलेल्या हाताची कॉफी असते. आपल्याला चाखायचा असतो तो कप, जो पहिल्या महिन्याच्या एखाद्या साध्या मंगळवारी आपण आपल्या ओट्यापाशी भरणार आहोत. चाचणी त्याच कपाची घ्या आणि निकालाचा अर्थ घोट घेण्याआधी कागदावर उतरवा.